केबलवर 100 वॉट, लॅपटॉपला मिळतात 60: विक्रेत्याला पत्र लिहिण्याआधी काय तपासायचं आणि पत्रात काय लिहायचं

नव्या फोनच्या खोक्यात आता बऱ्याचदा चार्जर नसतो. केबल असली तर ती हातभर लांबीची. आयफोनसुद्धा 2023 पासून यूएसबी-सीवर आला, युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना ते तोंड सक्तीचं केलं आणि आपल्याकडेही फोन, टॅब, इअरफोन, लॅपटॉप सगळे हळूहळू त्याच तोंडावर आले. तोंड एक झालं, म्हणजे कुठलीही केबल कशालाही चालेल, असा समज मात्र खोटा आहे. दिसायला अगदी सारख्या दोन केबलपैकी एक लॅपटॉपला 100 वॉट देते आणि दुसरी 60 वर अडते. बाहेरून बघून फरक कळत नाही, म्हणून आपण लेबलवर विश्वास ठेवतो. तेच लेबल खोटं निघालं की तक्रार करायची वेळ येते.

आणि तिथे बहुतेक लोक हरतात. ‘केबल स्लो आहे’ असं चॅटवर लिहिलं की ‘चार्जिंगचा वेग तुमच्या डिव्हाइसवर अवलंबून असतो’ हे ठरलेलं उत्तर येतं आणि तिकीट बंद होतं. उत्तर धूर्त आहे, पण चूक नाही. ‘फास्ट चार्जिंग’ या शब्दाला ठाम व्याख्या नाही. 18 वॉटलाही फास्ट म्हणतात, 120 लाही. ज्याला माप नाही त्यावर भांडता येत नाही. पण लेबलवर ‘फास्ट’च्या शेजारी एक आकडा छापलेला असतो आणि त्या आकड्याला माप आहे. पत्र त्या आकड्यावर उभं करायचं.

## लेबलवरचे तीन आकडे

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपियर म्हणजे प्रवाह, आणि दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट. 20 व्होल्टला 5 अँपियर वाहिले की 100 वॉट. 20 व्होल्टलाच 3 अँपियर वाहिले की 60 वॉट. एवढं गणित पुरे.

यातला केबलचा स्वतःचा आकडा अँपियरचा असतो. व्होल्ट किती द्यायचे हे चार्जर आणि फोन किंवा लॅपटॉप आपसात ठरवतात. त्या बोलाचालीच्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी म्हणतात, चार्जरवर ती ‘पीडी’ अशी छापलेली असते. केबलने फक्त तेवढा प्रवाह न तापता वाहून न्यायचा. म्हणून केबलच्या खोक्यावर ‘100 वॉट’ वाचलं की मनात लगेच ‘म्हणजे 5 अँपियर’ असं भाषांतर करायचं. ‘60 वॉट’ असेल तर 3 अँपियर. सध्याच्या नियमावलीत सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकं यूएसबी-सी असलेल्या, केबलचे हे दोनच वर्ग आहेत. 5 अँपियरच्या नव्या केबलवर आता 240 वॉटही लिहिलेलं दिसेल, कारण 2021 मध्ये व्होल्टची मर्यादा 20 वरून 48 वर गेली. अँपियर तेच राहिले.

## चार्जर केबलला काय विचारतो

5 अँपियर बारीक तारेतून ढकलले तर तार तापते. म्हणून चार्जरने आंधळेपणाने 5 अँपियर सोडू नयेत अशी सोय केलेली आहे. 5 अँपियरच्या प्रत्येक सी-टू-सी केबलच्या टोकात एक छोटी चिप बसवावी लागते, तिला ई-मार्कर म्हणतात. प्लग लावल्याबरोबर चार्जर त्या चिपला विचारतो, तू किती सोसतेस? चिपने ‘5’ म्हटलं तर चार्जर लॅपटॉपला 5 अँपियर देऊ करतो. उत्तरच आलं नाही तर तो केबल 3 अँपियरची धरतो आणि त्यापुढे जात नाही.

गावाबाहेरच्या जुन्या पुलावर वजनाची पाटी नसेल तर शहाणा ट्रकवाला भरलेला ट्रक घालत नाही, तसंच हे. पूल कदाचित भक्कम असेलही, पण पाटी नाही म्हणजे कमी वजन.

यातून तक्रारीसाठी फार कामाची गोष्ट निघते. चिप नसलेली केबल ‘थोडी कमी’ देत नाही. ती नियमाप्रमाणे चालणाऱ्या कुठल्याही पीडी चार्जरवर, कुठल्याही लॅपटॉपला 20 व्होल्टवर 60 वॉटच्या वर देऊ शकत नाही. इथे ‘डिव्हाइसवर अवलंबून’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण अडवणूक डिव्हाइसची नसतेच.

## ठाण्याची केस

माझी मावसबहीण ठाण्यात घरून व्हिडिओ एडिटिंग करते. लॅपटॉपसोबत आलेली केबल ऑफिसात राहिली, म्हणून तिने ऑनलाइन 549 रुपयांची एक केबल मागवली. लिस्टिंगच्या फोटोत, खोक्यावर आणि केबलच्या टोकावरही ‘100 वॉट, 5 अँपियर, पीडी’. वरून नायलॉनचं विणलेलं जाड कव्हर. (या कव्हराचा आतल्या तांब्याशी काडीचा संबंध नसतो. ते केबल टिकाऊ करतं आणि फोटोत छान दिसतं, बस्.)

लक्षण विचित्र होतं. मेल-ब्राउझर चालू असताना लॅपटॉप व्यवस्थित चार्ज व्हायचा. व्हिडिओ रेंडर करायला लावला की चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरायची. स्क्रीनवर ‘स्लो चार्जर’ अशा अर्थाची सूचना. तिला वाटलं बॅटरी गेली. पण कारण सरळ होतं. रेंडरिंगला लॅपटॉप 60 पेक्षा जास्त वॉट खात होता, चार्जरकडून 60 च येत होते आणि उरलेली भर बॅटरी घालत होती.

तिने चॅटवर ‘केबल स्लो चार्ज करते’ असं लिहिलं आणि वर सांगितलेलं तेच उत्तर मिळालं. मग आम्ही मोजून घ्यायचं ठरवलं.

## घरच्या घरी मोजायचं कसं

दोन केबलची तुलना करताना एकच गोष्ट बदलायची, ती म्हणजे केबल. चार्जर तोच, लॅपटॉप तोच, बॅटरी साधारण त्याच टक्क्यांवर, आणि लॅपटॉप त्याच कामात गुंतलेला. बॅटरी 20 ते 50 टक्क्यांच्या मध्ये असताना मोजणं चांगलं. 80 च्या पुढे गेल्यावर लॅपटॉप आणि फोन आपणहून प्रवाह कमी करतात, बॅटरी तापली तरी करतात. 90 टक्क्यांवर घेतलेल्या आकड्याला कोणीही हसेल, आणि त्याचं बरोबर असेल.

मोजायला यूएसबी-सीचा छोटा मीटर मिळतो. तो चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा, स्क्रीनवर व्होल्ट आणि अँपियर दिसतात. जरा बऱ्या मीटरमध्ये केबलची चिप वाचायचीही सोय असते आणि चिप नसेल तर तो तसं सांगतो. मीटर घ्यायचा नसेल तर मोबाइल दुरुस्तीच्या बऱ्याच दुकानांत असतो, मागून बघा. मॅकबुक असेल तर मीटरही लागत नाही. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये पॉवर या भागात चार्जरशी किती वॉट ठरलेत ते लिहिलेलं असतं.

चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरंही वाचा. बहिणीच्या चार्जरवर 5, 9 आणि 15 व्होल्टपुढे 3 अँपियर आणि 20 व्होल्टपुढे 5 अँपियर असं होतं. म्हणजे चार्जर 100 वॉटचा, तिथे खोट नाही. चार्जरच 65 वॉटचा असता तर केबलला दोष देण्यात अर्थ नव्हता.

रेंडरिंग सुरू करून आधी लॅपटॉपसोबत आलेली, ऑफिसातून परत आणलेली केबल लावली. मीटरवर 20 व्होल्ट आणि साडेचारच्या आसपास अँपियर, म्हणजे जवळपास 90 वॉट. मग नवी केबल. 20 व्होल्ट, 2.9 अँपियर, 58 वॉट. काम वाढवलं, कमी केलं, चार्जर काढून पुन्हा लावला, तरी आकडा 3 च्या वर चढेना. खरी खूण ही आहे. नुसता कमी आकडा काही सिद्ध करत नाही. 3 अँपियरच्या कुंपणाला टेकून थांबलेला आकडा मात्र चिप नसल्याचं सांगतो. मीटरच्या चिप वाचायच्या पानावरही काही आलं नाही. दोन्ही वेळचे फोटो काढले, एकाच फ्रेममध्ये चार्जर, मीटर आणि केबलच्या टोकावरचं ‘5 अँपियर’ दिसेल असे.

## चिप आहे, पण तार बारीक

दुसरी एक लबाडी थोडक्यात सांगतो, कारण फोनवाल्यांना तीच जास्त भेटते. केबल कुठलीही असो, तिच्या तांब्याला थोडा अवरोध असतोच. तारेची जाडी एडब्ल्यूजी या मापात देतात आणि त्यात आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. 28 मापाच्या तारेचा अवरोध एक मीटर लांबीमागे साधारण 0.21 ओहम, 24 मापाचा साधारण 0.08. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटर केबलमध्ये तार दोन मीटर धरायची.

3 अँपियरला 28 मापाच्या केबलमध्ये सुमारे 1.3 व्होल्ट वाटेतच पडतात आणि जवळजवळ 4 वॉट उष्णता होऊन जातात. 24 मापाच्या केबलमध्ये अर्धा व्होल्ट पडतो. यूएसबी-सीच्या नियमावलीत जाण्या-येण्याची मिळून एकूण पाऊण व्होल्टची मुभा आहे. म्हणजे पॉवरच्या तारा 28 मापाच्या असलेल्या एक मीटर केबलवर ‘3 अँपियर’ छापणं हेच मुळात नियमाबाहेरचं. अशा केबलवर फोन दाब घसरलेला बघून स्वतःच प्रवाह आवरता घेतो. आपल्याला फक्त उशीर दिसतो आणि हाताला केबल गरम लागते.

ओळखायचं कसं? मीटर आधी चार्जरच्या टोकाला, मग फोनच्या टोकाला लावून दोन्हीकडचे व्होल्ट बघा आणि वजाबाकी करा. चार्जिंग सुरू असताना, प्रवाह 3 अँपियरच्या जवळ असेल तेव्हाच. चिप 5 अँपियर सांगते पण केबल हातात धरवत नाही, असाही प्रकार असू शकतो, कारण चिपमध्ये काय लिहायचं ते कारखान्याच्या हातात आहे. तशी केबल पुन्हा लावू नका. पुराव्यासाठी कापूनही बघू नका, कापलेली केबल कोणी परत घेत नाही.

## आधी स्वतःची बाजू तपासा

विक्रेता बरोबर असण्याचे प्रसंग खरेच असतात. वनप्लस, ओप्पो, रिअलमीच्या 65-80 वॉटच्या चार्जिंगची त्यांची स्वतःची पद्धत आहे, पीडीची नाही. त्यासाठी त्यांचाच चार्जर आणि त्याच पद्धतीची केबल लागते. साधी, प्रामाणिक 100 वॉटची पीडी केबल लावलीत तर फोन बराच खाली येतो आणि तो केबलचा गुन्हा नाही. सॅमसंगच्या 25 वॉटच्या चार्जिंगला 3 अँपियरची केबल पुरते, 45 वॉटला 5 अँपियरची लागते. तिथे ‘45 वॉटसाठी’ म्हणून 3 अँपियरची केबल विकली असेल तर मात्र तक्रार रास्त.

एक खूण तर न मोजताही कळते. केबलचं एक टोक जुनं चौकोनी यूएसबी-ए आणि लेबलवर ‘पीडी 100 वॉट’ असेल, तर लेबल स्वतःशीच भांडतंय. पीडीची बोलाचाल सी-टू-सी केबलच्या एका खास तारेवरून होते, चौकोनी टोकात ती वाटच नाही. काही फोन कंपन्या चौकोनी टोकावरूनही मोठे वॉट देतात, पण आपल्या पद्धतीने, आणि तेव्हा लेबलवर पीडी लिहायचं काही कारण नसतं.

## पत्र

पत्राआधी तीन गोष्टी जपून ठेवा. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, तारखेसकट, आजच, कारण तक्रारी वाढल्या की लिस्टिंगमधला आकडा गुपचूप बदलतो. खोक्याच्या सर्व बाजूंचे फोटो, कारण पॅकबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं बंधनकारक आहे, आणि आयात मालावर मूळ देशही. आणि बिल, कारण बिलावर विक्रेत्याचं खरं नाव असतं. आपण ‘अ‍ॅपवरून घेतलं’ म्हणतो, पण विकणारा बहुधा दुसराच कोणी असतो.

चॅटवर लिहू नका, मेल करा. विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, आणि प्रत प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. दोघांची नावं आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, सहसा ती पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतात. मराठीत लिहिलंत तर चालतं, पण पलीकडे वाचणारा बंगळुरूचा किंवा गुरुग्रामचा असू शकतो, म्हणून खाली इंग्रजी किंवा हिंदी मजकूरही जोडलेला बरा. बहिणीने पाठवलेलं पत्र थोडं आवरून असं:

> विषय: ऑर्डर क्र. ____, 100 वॉट / 5 अँपियर यूएसबी-सी केबल. माल जाहिरातीप्रमाणे नसल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> मी दि. ____ रोजी आपल्याकडून वरील केबल ₹549 ला खरेदी केली. ती मला दि. ____ रोजी मिळाली. लिस्टिंगवर, खोक्यावर आणि केबलच्या टोकावर ‘100 वॉट, 5 अँपियर, पीडी’ असे छापलेले आहे (जोडपत्र 1 ते 3).
>
> माझा चार्जर 20 व्होल्ट, 5 अँपियरचा आहे (जोडपत्र 4). तोच चार्जर, तोच लॅपटॉप आणि तेच काम ठेवून दोन केबल तपासल्या. लॅपटॉपसोबत आलेल्या केबलवर सुमारे 90 वॉट मिळाले. आपल्या केबलवर 58 वॉट मिळाले आणि प्रवाह कोणत्याही वेळी 3 अँपियरच्या वर गेला नाही (जोडपत्र 5 व 6).
>
> 5 अँपियरच्या यूएसबी-सी केबलमध्ये ई-मार्कर चिप असणे आवश्यक आहे. आपल्या केबलमध्ये मीटरला ती आढळली नाही (जोडपत्र 7). त्यामुळे ही केबल पीडी चार्जरवर 60 वॉटपेक्षा जास्त देऊ शकत नाही. माझी तक्रार वेग कमी असल्याची नसून लेबलवरील आकडा खरा नसल्याची आहे. केबलमध्ये चिप आहे असे आपले म्हणणे असल्यास तिच्या चाचणीचा अहवाल पाठवावा.
>
> ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घेण्यास व रक्कम परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तरी ₹549 मूळ खात्यात परत करावेत, केबल आपल्या खर्चाने घेऊन जावी आणि लिस्टिंगमधील आकडा दुरुस्त करावा.
>
> या मेलची पोच 48 तासांत आणि निराकरण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे व आवश्यक तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.
>
> आपली,
> ____

48 तास आणि एक महिना या मुदती आम्ही ठरवलेल्या नाहीत, त्याच नियमांत आहेत. पत्रात राग नाही, ‘फसवणूक’ हा शब्द नाही, केबलमुळे लॅपटॉप बिघडला असता वगैरे शक्यताही नाहीत. जोर एकाच वाक्यावर आहे, तक्रार वेगाची नाही, आकड्याची आहे. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहिलं की समोरच्याला फाटे फोडायला जागा उरत नाही.

## ‘100 म्हणजे जास्तीत जास्त 100’

हा हमखास येणारा बचाव. ‘जास्तीत जास्त 100’ याचा अर्थ योग्य चार्जर आणि योग्य लॅपटॉप असेल तर 100 पर्यंत जातं, असा होतो. जी केबल कुठल्याच परिस्थितीत 60 ओलांडू शकत नाही तिच्यासाठी 100 हा कमाल आकडाही नाही. दुसऱ्या केबलवर त्याच जोडीला 90 मिळालेत, हे पत्रात म्हणूनच हवं. ते नसेल तर हा बचाव टिकतो.

## ‘रिटर्नची मुदत संपली’

सात किंवा दहा दिवसांची खिडकी ही मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी प्लॅटफॉर्मने दिलेली सवलत आहे. माल वर्णनाप्रमाणे नसणं ही वेगळी बाब, तिला वरचा नियम लागतो. तरी उशीर करू नका. केबल महिनाभर वापरून मग लिहिलंत तर ‘वापरात खराब झाली’ हा मुद्दा पुढे येतो. चिपच्या बाबतीत तो तितकासा पटत नाही, तारेच्या बाबतीत पटू शकतो.

## ‘तुमचा मीटर प्रमाणित नाही’

नसेलही, आणि दोन-पाच टक्क्यांची चूक त्यात असू शकते. पण 58 आणि 90 यातला फरक पाच टक्क्यांचा नाही. शिवाय दोन्ही केबल एकाच मीटरवर मोजल्यात, मीटर खोटा असेल तर दोन्हींसाठी सारखाच खोटा. प्रकरण आयोगापुढे गेलंच तर माल प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणून केबल आणि खोकं तोवर जपून ठेवायचं. काही केबलच्या टोकातच वॉट दाखवणारा छोटा डिस्प्ले असतो. तुमची तशी असेल तर बहार आहे, त्यांच्याच डिस्प्लेचा फोटो त्यांनाच पाठवा.

## ‘आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत’

प्लॅटफॉर्मने असं म्हटलं तरी तक्रार अधिकारी नेमणं, पोच देणं आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं या जबाबदाऱ्या त्याच्याही आहेत. पैसे परत करण्याची मुख्य जबाबदारी विक्रेत्याची. म्हणून मूळ पत्र विक्रेत्याला आणि प्रत प्लॅटफॉर्मला. उलटं केलंत तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

## महिना उलटला तर

1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक, मराठीतही बोलता येतं. consumerhelpline.gov.in वर लेखी तक्रार नोंदवता येते आणि तिथे हीच जोडपत्रं चढवायची. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. मोठे प्लॅटफॉर्म अशा तक्रारीला चॅटपेक्षा गांभीर्याने घेतात, हा माझा अनुभव.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येतं. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात चालतं, विक्रेता सुरतेत असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. 549 रुपयांसाठी कोण तिथपर्यंत जाईल, हा प्रश्न रास्त आहे. मीही बहुधा जाणार नाही. पण पत्रात आयोगापर्यंतची वाट स्पष्ट दिसली की विक्रेत्याला 549 रुपये परत करणं स्वस्त वाटतं.

बहिणीला पोच दुसऱ्या दिवशी आली. सोबत प्रस्ताव होता, पैसे परत करत नाही, तीच केबल नवी पाठवतो. तो तिने नाकारला. एखाद्या नगातली तार तुटली असेल तर बदली नग चालतो. पण चिप बसवलीच नसेल तर तो त्या एका नगाचा दोष नसतो, त्या मॉडेलच्या सगळ्या नगांत ती नसण्याचीच शक्यता जास्त. तिने एवढंच उलट लिहिलं, की बदली केबलमध्ये चिप आहे याचा चाचणी अहवाल सोबत द्या, मग घेते. अहवाल आला नाही, पैसे आले. लिस्टिंगवर मात्र मी परवा बघितलं तेव्हाही 100 वॉटच होतं.